अपेक्षित गोल म्हणजे सेव्ह नव्हेत

इंग्लंडच्या सट्टाबाजारात सामन्याच्या निकालाबरोबरच गोलरक्षक किती सेव्ह करील यावरही भाव निघतो. बहुधा साडेतीनसारखा आकडा ठरवतात आणि सेव्ह त्याहून जास्त होतील की कमी, यावर पैसे लागतात. हा भाव काढणाऱ्यांत एक समज घट्ट रुजला आहे. ज्या संघाविरुद्ध अपेक्षित गोल जास्त, त्याच्या गोलरक्षकाला काम जास्त, म्हणून सेव्हही जास्त. वरवर हे पटते, पण हिशेब मांडला की टिकत नाही.

सेव्ह म्हणजे काय ते आधी पाहू. गोलच्या दिशेने नेमके आलेले, म्हणजे ऑन टार्गेट, फटके मोजा आणि त्यांतून झालेले गोल वजा करा. उरतात ते जवळपास सगळे सेव्ह. ‘जवळपास’ म्हणायचे कारण एवढेच, की गोलरेषेवर शेवटच्या बचावपटूने अडवलेला फटकाही ऑन टार्गेट धरला जातो. या वजाबाकीत अपेक्षित गोल वजा होणाऱ्या बाजूला आहेत. ते वाढले म्हणून सेव्ह वाढतीलच असे नाही, कित्येकदा घटतात.

एक उदाहरण करून पाहू. दोन संघ घ्या. दोघांविरुद्धही अपेक्षित गोल १.५ आहेत. पहिला संघ आपल्याच पेटीसमोर दाटीने उभा राहतो आणि प्रतिस्पर्ध्याला लांबून मारायला लावतो. त्याच्यावर १५ फटके येतात, म्हणजे प्रत्येक फटक्याची गोल होण्याची शक्यता सरासरी दहा टक्के. दुसऱ्या संघाची बचावफळी वर चढून खेळते. त्याच्यावर आठच फटके येतात, पण मागच्या मोकळ्या जागेतून आलेली प्रत्येक संधी जास्त धोकादायक असते. पहिल्याचे एक तृतीयांश फटके ऑन टार्गेट धरले तर ते पाच होतात. दुसऱ्याच्या संधी जवळच्या आहेत, म्हणून ४२ टक्के धरू, ते साधारण ३.४ होतात. दोन्हींतून दीड गोल वजा केले की पहिल्या गोलरक्षकाकडे ३.५ सेव्ह येतात आणि दुसऱ्याकडे १.९.

आता प्वासाँ वितरणाने चार किंवा जास्त सेव्हची शक्यता काढा. पहिल्याची येते सुमारे ४६ टक्के, म्हणजे नफा न धरता भाव २.१६. दुसऱ्याची जेमतेम साडेबारा टक्के, म्हणजे भाव ८. अपेक्षित गोल तेच असूनही भावात जवळपास चौपट फरक पडतो. नुसत्या अपेक्षित गोलांवर भाव लावणारा या दोघांना एकाच मापाने मोजतो.

कोणी म्हणेल, गोलरक्षकाचे कौशल्य मग कुठे गेले? ते आहे, पण लहान आहे. फटके अडवण्याचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले तरी पाच ऑन टार्गेट फटक्यांत ०.२ सेव्हचीच भर पडते. ऑन टार्गेट फटक्यांच्या अंदाजातली एका फटक्याची चूक याहून कितीतरी मोठी असते.

माझे म्हणणे असे, की सुरुवात फटक्यांच्या संख्येपासून करावी. मग संघाच्या शैलीवरून ऑन टार्गेट प्रमाण ठरवावे आणि अपेक्षित गोल शेवटी वजा करावेत. यात दोन ठिकाणी जपावे लागते. दाट बचावाचे संघ कित्येक फटके वाटेतच अंगावर घेतात, ते ऑन टार्गेट मोजले जात नाहीत. त्यामुळे एकूण फटके पाहून आकडा फुगवू नये. दुसरे पेनल्टीचे. एका पेनल्टीचे अपेक्षित गोल सुमारे ०.७९ असतात, पण फटका एकच. मागच्या सामन्यांच्या सरासरीतून पेनल्टी वेगळ्या काढल्या नाहीत, तर संघ आहे त्याहून जास्त मोकळा दिसतो.

यावर एक आक्षेप खरा आहे. सामन्याआधी शैली कळली, तरी मैदानावर स्थिती पालटते. २ डिसेंबर २०१७ रोजी एमिरेट्सवर मँचेस्टर युनायटेडने अकरा मिनिटांत दोन गोलांची आघाडी घेतली. पुढे आर्सेनलने हल्ल्यांवर हल्ले केले, एकूण ३३ फटके मारले, त्यांतले १५ ऑन टार्गेट होते. त्यांतून एकच गोल झाला आणि डेव्हिड दे हेआच्या नावावर १४ सेव्ह लागले. युनायटेड ३-१ ने जिंकले.

हा आक्षेप माझी पद्धत मोडत नाही, ती पुरी करतो. आघाडी आणि पिछाडी यांचे वेगवेगळे अंदाज मिसळावेत. समजा, अर्ध्या शक्यतेने सरासरी २.५ आणि अर्ध्या शक्यतेने ४.५. मधली सरासरी ३.५ च राहते, पण सात किंवा जास्त सेव्हची शक्यता साडेसहा टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर जाते. साडेतीनच्या आकड्यावर फरक किरकोळ, ४६ ऐवजी ४५ टक्के. साडेसहाच्या आकड्यावर मात्र भाव सुमारे १५ वरून ११ वर येतो. एकाच सरासरीवर विसंबणारा तिथेच फसतो.