मथळा एक, मजकूर दुसरा!

विशेष प्रतिनिधी

गृहनिर्माण संस्थेचे उपविधी असोत की एखाद्या प्राधिकरणाची नियमावली, सामान्य माणूस ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्वचितच वाचतो. तो अनुक्रमणिका उघडतो, मथळ्यांवरून नजर फिरवतो आणि आपल्या कामाचे कलम तेवढे गाठतो. कलमाच्या डोक्यावरील शीर्षक किंवा बाजूच्या समासात छापलेली छोटी टीप म्हणजे त्याच्यासाठी दारावरची पाटीच. परंतु पाटीवर एक नाव आणि आत दुसरेच बिऱ्हाड असेल तर? हा केवळ मुद्रितशोधनाचा प्रश्न नाही. अशा चार-पाच शब्दांवरून कराचा दावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्याचे उदाहरण आहे.

एर्नाकुलमचे घर

के. पी. वर्गीस यांनी १९५८ मध्ये एर्नाकुलम येथील एक घर १६,५०० रुपयांना घेतले होते. १९६५ मध्ये त्यांनी ते आपली सून आणि पाच मुले यांना त्याच किमतीला विकले. आयकर अधिकाऱ्याने बाजारभाव ६५,००० रुपये ठरवला आणि मधल्या ४८,५०० रुपयांवर भांडवली नफ्याचा कर मागितला. वर्गीस यांनी प्रत्यक्षात जादा रक्कम घेतली, असे खात्याचे म्हणणेच नव्हते.

खात्याचा आधार होता आयकर अधिनियम, १९६१ मधील कलम ५२ चे पोटकलम (२). जाहीर केलेल्या किमतीपेक्षा बाजारभाव १५ टक्के वा त्याहून अधिक असेल, तर वरिष्ठांच्या पूर्वसंमतीने बाजारभाव हीच विक्रीची किंमत धरावी, असे त्यात म्हटले होते. किंमत लपवली गेली असली पाहिजे, अशी अट त्या मजकुरात शब्दशः कोठेही नव्हती. समासातील टीप मात्र वेगळे सांगत होती. हे कलम मोबदला 'कमी दाखवल्याच्या' प्रकरणांबाबत आहे, असा तिचा आशय होता.

१९८१ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल देताना या टिपेची दखल घेतली. शब्दशः अर्थ लावल्यास प्रामाणिक विक्रेत्याला न मिळालेल्या पैशांवर कर भरावा लागेल. कलमाचा रोख मात्र किंमत लपवणाऱ्यावर आहे आणि तशी लपवाछपवी सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची आहे, असे न्यायालयाने ठरवले. अर्थात, निकाल एकट्या टिपेवर उभा नव्हता. अर्थमंत्र्यांचे भाषण आणि करमंडळाची परिपत्रकेही न्यायालयाने विचारात घेतली. पुढे ते कलमच कायद्यातून वगळण्यात आले. तरीही समासातल्या काही शब्दांचे वजन किती असू शकते, हे या खटल्याने दाखवून दिले.

टिपेची मर्यादा

मात्र यावरून शीर्षकाला नियमाइतकाच मान आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. १९५० मध्ये अहमदभाई उमरभाई या मुंबईच्या खटल्यात न्या. पतंजली शास्त्री यांनी कायद्याचा अर्थ लावताना समासटिपेचा आधार घेता येत नाही, अशी भूमिका घेतली होती. राज्यघटनेच्या बाबतीत १९५५ च्या 'बंगाल इम्युनिटी' निकालात वेगळा सूर लागला. घटनेतील समासटिपा संविधान सभेने संमत केलेल्या घटनेचाच भाग आहेत, म्हणून त्या अर्थाचा काही सुगावा देतात, असे तेथे म्हटले गेले. या सगळ्याचे व्यवहारातले सार एवढेच, की मजकूर स्पष्ट असेल तर मजकूरच चालतो. तो संदिग्ध असेल किंवा त्याचा सरळ अर्थ विपरीत परिणामाकडे नेत असेल, तरच मथळ्याला बोलण्याची संधी मिळते.

विसंगती येते कोठून?

मूळ मसुदा लिहिताना शीर्षक आणि मजकूर बहुधा जुळलेले असतात. बिघाड होतो तो दुरुस्तीच्या वेळी. मजकुरात नवे पोटकलम किंवा परंतुक घातले जाते आणि मथळा तसाच राहतो. संसदेच्या दुरुस्ती अधिनियमातही समासटीप बदलायची असेल, तर तसे स्वतंत्रपणे लिहावे लागते. ती आपोआप बदलत नाही.

गृहनिर्माण संस्थेचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. उपविधीचे शीर्षक आहे 'हस्तांतरण फी' आणि मूळ मजकुरात ५०० रुपयांची फी आहे. पुढे सर्वसाधारण सभा त्याखाली दुसरा परिच्छेद जोडते. सदनिका विकताना हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजेच बोलीभाषेतला 'प्रीमियम', २५,००० रुपयांपर्यंत द्यावे लागेल, असे त्यात म्हटले जाते. महापालिका क्षेत्रासाठी राज्य शासनाने ऑगस्ट २००१ मध्ये घातलेली कमाल मर्यादाही हीच आहे. शीर्षक मात्र 'हस्तांतरण फी' हेच राहते. खरेदीदार अनुक्रमणिका पाहतो, ५०० रुपयांचा हिशेब धरतो आणि संस्थेच्या कार्यालयात गेल्यावर त्याच्या हातात २५,००० रुपयांची मागणी पडते.

येथे वर्गीस यांचा निकाल त्याच्या मदतीला येण्याची शक्यता कमी आहे, कारण दुसरा परिच्छेद स्पष्ट आहे. पण त्याच परिच्छेदात 'समिती ठरवील ती रक्कम' एवढेच मोघम लिहिले असते, तर चित्र पालटले असते. ही रक्कम म्हणजे फीच, अधिमूल्य नव्हे, असा युक्तिवाद करायला शीर्षकानेच त्याला आधार दिला असता. म्हणजे चुकीच्या मथळ्याचा फटका कधी सभासदाला बसतो, तर कधी खुद्द संस्थेला.

तपासणी कशी करावी?

यावर उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. समास आणि शीर्षके कागदाने झाकून केवळ मजकूर वाचावा. कोणाला, काय, केव्हा करावे लागते, हे प्रत्येक कलमासाठी एका ओळीत लिहावे. मग कागद काढून ती ओळ मथळ्याशी ताडून पाहावी. मथळा आधी वाचला तर मन मजकुरातही तोच अर्थ पाहते आणि चूक निसटते.

ताडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मथळ्यात नसलेली व्यक्ती किंवा रक्कम मजकुरात सापडते का? ही बहुधा शेवटच्या पोटकलमात किंवा परंतुकात दडलेली असते, कारण भर तेथेच पडते. दुसरी, मथळा जे सांगतो ते मजकुरात खरोखर आहे का? 'अपील' असे शीर्षक असून अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हेच खाली नसते. तिसरी, एकाच गोष्टीला वर 'फी', खाली 'शुल्क' आणि अनुक्रमणिकेत 'वर्गणी' म्हटले आहे का? शब्द बदलला की वेगळा अर्थ अभिप्रेत असावा, अशी शंका घेण्यास वाव मिळतो. उपविधी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतील, तर ही ताडणी दोन्ही प्रतींवर करावी.

प्रत्येक तफावत ही चूकच असते असे नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १०३ चे शीर्षक 'खुनासाठी शिक्षा' एवढेच आहे. वंश, जात, भाषा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांच्या गटाने केलेल्या खुनाची तरतूद त्याच्याच पोटकलम (२) मध्ये आहे. शीर्षक खोटे नाही, पण ते चाळून झुंडबळीची तरतूद शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. अशा ठिकाणी मथळ्यात दोन शब्दांची भर पुरेशी असते.

दोष सापडला तर तो परस्पर खोडून दुरुस्त करण्याचा मोह मात्र टाळावा. महाराष्ट्रात सहकारी संस्थेच्या उपविधीतील दुरुस्ती निबंधकाकडे नोंदल्याशिवाय वैध ठरत नाही. शीर्षकही त्याच नोंदलेल्या दस्तऐवजात असते. म्हणून मजकुराच्या दुरुस्तीच्या ठरावातच 'व त्याचे शीर्षक पुढीलप्रमाणे राहील' ही ओळ घालणे श्रेयस्कर. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर उपविधी दुरुस्ती असेल, तर सभासदाने ठरावाच्या मसुद्यात ही ओळ आहे का, हे हात वर करण्यापूर्वी विचारावे.