आधी वंशावळ, मग गोष्ट?

अद्भुत कादंबरी लिहायला बसलेल्या मराठी तरुणाला पहिल्याच प्रकरणात राज्याचा सगळा इतिहास ओकल्याशिवाय चैन का पडत नाही? जळगाव-धुळ्याकडची बाडं माझ्याकडे वाचायला येतात. उघडावं तर पहिल्या पानावर मूळपुरुष हजर. मग त्याच्या राण्या, राण्यांचे मुलगे, मुलग्यांची भांडणं, एक शाप, शापाला उतारा आणि उताऱ्याला तीन अटी. नायक घोड्यावर बसतो पाचव्या पानावर, आणि तोवर वाचक उठून गेलेला असतो. लेखकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, हे कळल्याशिवाय पुढचं कळणारच नाही ना!"

साफ खोटं. वाचकाला कळावं म्हणून हे लिहिलेलंच नसतं. दोन वर्षं खपून जग उभं केलं, त्या मेहनतीची वसुली वाचकाकडून चाललेली असते.

एका बाडाचं उदाहरण घेतो, कारण त्याचा ऐवज अस्सल होता. लेखकानं कथाबीज घरचंच उचललं होतं. फिरोजशाह तुघलकानं 1370 मध्ये मलिक राजाला तापीकाठच्या थाळनेरची जहागीर दिली आणि तिथून खानदेशची फारुकी सत्ता उभी राहिली. 1399 मध्ये मलिक राजा वारला तेव्हा थोरल्या नासिरकडे धुळ्याजवळचं लळिंग आलं आणि धाकट्याकडे थाळनेर. पुढे 1417 मध्ये थोरल्यानं माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन धाकट्याचं थाळनेर गिळलं. भाऊबंदकीची याहून रोकडी गोष्ट कुठे शोधायची? लेखकानं नावं बदलली, गडाखालच्या नदीला देवी केलं आणि एक झकास नियम रचला: वर्षातून एकदा कुळातल्या प्रत्येक जित्या पुरुषाच्या नावानं नदीपुढे धान्य ठेवायचं, ज्याच्या नावचं धान्य राहिलं, त्याला नदी ओळखत नाही.

आणि हे सगळं कसं सांगितलं? सलग चार पानं, भूतकाळात, गॅझेटियरच्या थाटात. वाटणी कधी झाली, गड कसा पडला, धाकटा कुठे परागंदा झाला, थोरल्यानं तो मेल्याची दवंडी कशी पिटवली, नदीचा नियम काय. पाचव्या पानावर सणाची तयारी सुरू होते, आणि तिथे आता काहीच घडू शकत नाही. सगळं आधीच फोडून टाकलंय.

अरे बाबा, तू खानदेशातला ना? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तुमच्याकडे कानबाई बसते. रोटांसाठी कित्येक घरांत पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घेतात. घरोघर रीत थोडी वेगळी असेल, पण मोजणी ठरलेली. वेगळी चूल मांडलेला भाऊ मोजायचा की नाही, यावर घराघरात काय काय होतं हे तुला मी सांगायचं? नदीचा नियम तू तिथूनच घेतलास, आणि ते दृश्य तेवढं टाकून दिलंस!

ती चार पानं फाडून टाक. प्रकरण सुपापासून सुरू कर. मोठीमाय गहू मोजतेय. एकेक नाव, एकेक सव्वा मूठ. थोरला, म्हणजे आता गडाचा धनी, दारात उभा. त्याच्या पोरांची नावं झाली. सूप सारायची वेळ आली, आणि म्हातारी हात आखडता घेत नाही.

"आनि तेना वाटा?"

"कोणाचा? मेलेल्याचा?"

"मढं कोणी पाह्यलं?"

"मी दवंडी पिटवली, माय."

"दवंडी तू पिटवली. तेरावं कोणी केलं?"

आणि ती आणखी सव्वा मूठ टाकते. चौरंगावरच्या कलशातलं पाणी हलतं. थोरल्याचा हात कट्यारीकडे जातो, आणि सगळ्यांत धाकटं पोर विचारतं, "हे कोणाच्या नावचं?"

आता मोज काय काय कळलं ते. दुसरा भाऊ होता. त्याला मेला म्हणून जाहीर केलंय. आईचा त्यावर विश्वास नाही. नदी फक्त जित्यांना ओळखते आणि हा जिता आहे. थोरला घाबरलाय. चार पानांतला निम्मा ऐवज एका मुठीत आला, आणि शाप, नियम, परंपरा यांतला एकही शब्द वापरावा लागला नाही. उरलेला निम्मा? गड कसा पडला हे धाकटा परत येऊन भिंतीतली जुनी वाट शोधील तेव्हा सांग. माळव्याची मदत त्या मदतीची किंमत वसूल करायला कोणी दारात उभा राहील तेव्हा. मूळपुरुषाच्या राण्या कधीच सांगू नकोस. त्या तुझ्या वहीत सुखी आहेत.

संवादात माहिती घालायची म्हटलं की ही मंडळी आणखी एक पाप करतात. प्रधान राजाला म्हणतो, "महाराज, आपल्याला ठाऊकच आहे की आपल्या तीर्थरूपांनी..." ठाऊक आहे तर सांगतोस कशाला, गाढवा? निबंधाला अवतरणचिन्हं लावली म्हणून तो संवाद होत नाही. ज्यांना गोष्ट ठाऊक असते ती माणसं ती एकमेकांना सांगत नाहीत, तिच्यावरून भांडतात. वरच्या बोलण्यात माय आणि लेक दोघांना सगळं माहीत आहे. वाद आहे तो खरं कोणाचं यावर. वाक्य तपासायचं असेल तर एवढंच बघ: हे बोलल्यानं समोरच्याचं काही बिघडतंय का, पुढची हालचाल बदलतेय का? "तेरावं कोणी केलं?" हा प्रश्न काढला तर कट्यारीकडे हात जात नाही. "आपल्याला ठाऊकच आहे" काढलं तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

इथे कोणीतरी टॉल्कीन तोंडावर फेकतोच. त्याच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये एल्रॉन्डच्या सभेत पानंच्या पानं इतिहास चालतो, मग आम्ही का नाही? चालतो, खरं आहे. पण ती सभा पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात भरते. तोवर अंगठीपायी फ्रोडो मरता मरता वाचलेला असतो आणि अंगठीचं करायचं काय, हे त्याच सभेत ठरायचं असतं. वाचक स्वतःच उत्तर मागत असतो. शिवाय राजांच्या याद्या आणि वंशावळी टॉल्कीननं 1955 च्या तिसऱ्या खंडाअखेर परिशिष्टांत घातल्या. तुम्ही परिशिष्ट दारात मांडता आणि नाव त्याचं घेता.

आता दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांनाही ऐकवतो. "माहिती दृश्यात विणा" म्हटलं की काही जण प्रत्येक तलवारीच्या मुठीवर पणजोबा कोरतात, प्रत्येक वाक्यात एक आडून सूचना खोचतात. तोही माहितीचा ढिगाराच, फक्त पसरून ठेवलेला. काही जण तर सगळंच लपवतात. तीन प्रकरणं वाचूनही गड कोणाचा ते कळत नाही आणि याला ते गूढ म्हणतात. एखादी बाब दृश्यात बसवायला पानभर कसरत लागत असेल, तर ती सरळ दोन ओळींत सांगून मोकळं व्हावं: "गड थोरल्याचा होता. अठरा वर्षांपूर्वी तो धाकट्याचा होता." एवढ्यानं कोणी दगावत नाही, फक्त वाचकाला ते हवंसं वाटल्यावर सांगा.

म्हणून पुढचं बाड पाठवण्याआधी एक काम करा. पहिल्या प्रकरणातल्या इतिहासाच्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे उघड झालं तर या प्रकरणात कोणाचं नुकसान होतं. नाव सापडलं तर त्या माणसाला दृश्यात आणा आणि ते वाक्य त्याच्या वैऱ्याच्या तोंडी द्या. नाव सापडलं नाही, तर वाक्य वहीत परत टाका. ते काम तुम्हाला जमणार नसेल, तर सरळ राज्याचा इतिहासच लिहा. कादंबरी म्हणून माझ्याकडे पाठवू नका.