‘येतील पैसे’ म्हणणाऱ्यांनो, केव्हा?

आकुर्डीतला कामगार घराचा हप्ता एक दिवस उशिरा भरतो, तेव्हा बँक त्याला ‘येतील पैसे’ म्हणू देते काय? दंड लागतो, फोन येतात. पण दुकानातल्या मशीनवर त्याच्या कार्डातून एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले गेले, की हीच बँक संतपदाला पोहोचते आणि त्याला सबुरीचा उपदेश करते. दुकानदार म्हणतो, ‘आमच्याकडे आलेच नाहीत, बँकेत जा.’ बँक म्हणते, ‘दुकानदाराला विचारा.’ चाकणच्या पाळीवरून उतरलेल्या माणसाने या दोन दारांमध्ये किती चकरा मारायच्या? या टोलवाटोलवीला आम्ही गैरसोय म्हणत नाही. दुसऱ्याचा पैसा बिनव्याजी वापरण्याचा हा राजरोस धंदा आहे!

कायदा मुका आहे म्हणून हे चालते, असे कोणी समजू नये. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले आणि ते त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून लागू झाले. दुकानातल्या मशीनवर कार्ड चालवले, खात्यातून रक्कम गेली, पण मशीनमधून पावती निघालीच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती रक्कम आपोआप परत आली पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकाच्या अर्जाची वाट न पाहता बँकेने स्वतःहून खात्यात जमा करायची आहे. किती शाखांच्या काउंटरवर हे वाक्य ग्राहकाला कोणी ऐकवले आहे?

हिशेब मांडून दाखवतो. समजा, आकुर्डीच्या एका फिटरने महिन्याच्या ३ तारखेला ६,४५० रुपयांचा मिक्सर घेतला. पिन टाकला, मशीन अडकले, कागद आला नाही. दुकानदार म्हणाला, ‘फेल गेले, परत टाका.’ दुसऱ्यांदा पावती निघाली आणि मोबाइलवर पैसे कापल्याचे संदेश मात्र दोन आले. पाच दिवसांची मुदत ८ तारखेला संपली. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, रविवार आणि सुट्ट्या त्यात धरलेल्या आहेत. रक्कम २० तारखेला परत आली, तर ९ ते २० असे बारा दिवस उशीर झाला. म्हणजे ६,४५० रुपयांवर आणखी १,२०० रुपये त्या फिटरचे हक्काचे. बँकेने नुसते मुद्दल टाकून ‘तक्रार निकाली’ असा संदेश धाडला, तर तक्रार निकाली निघालेली नाही!

पण डोळे उघडे ठेवा, कारण दुहेरी कापणी दोन जातींची असते आणि दोघींचे औषध वेगळे आहे. ओळखायची खूण दुकानातच मिळते. दुकानदाराकडे त्या दिवसाचा सेटलमेंट रिपोर्ट मागा. त्यात तुमच्या रकमेची नोंद एकच असेल, तर दुसरी रक्कम दुकानापर्यंत पोहोचलीच नाही. दुकानदार खरे बोलतो आहे आणि वरचा पाच दिवसांचा नियम तुमच्या बाजूने उभा आहे. नोंदी दोन असतील, तर दोन्ही व्यवहार यशस्वी ठरले आहेत आणि पैसा दुकानाच्या वाटेला लागला आहे. मग दुकानदाराने हात झटकू नयेत. दिवसाचा हिशेब बँकेकडे जाण्यापूर्वी त्याच मशीनवर तो व्यवहार ‘व्हॉइड’ करता येतो. हिशेब गेल्यावर मात्र रिफंडच करावा लागतो. म्हणून संदेश दोन आले, की दुकानाची पायरी उतरायच्या आतच बोला.

दुकानदाराने टाळले, तर उरते चार्जबॅक. तुमची बँक कार्ड-कंपनीमार्फत दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागते. येथे घड्याळ तुमच्या विरुद्ध चालते. एकच व्यवहार दोनदा धरला गेल्याचा दावा व्हिसाच्या नियमांत १२० दिवसांत, तर मास्टरकार्डच्या नियमांत ९० दिवसांत लावावा लागतो. रुपेचे नियम एनपीसीआयचे वेगळे आहेत. ही मुदत बँकेने दावा लावण्याची आहे, तुम्ही जागे होण्याची नव्हे. शाखेत ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे ऐकून घरी परतलात, तर तो महिना तुमच्या मुदतीतून वजा होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

तक्रारीत ‘फसवणूक’ या रकान्यावर खूण करू नका. पिन तुम्हीच टाकला होता. त्या रकान्याने कार्ड बंद होईल आणि दावाही पडेल. ‘एकाच खरेदीची रक्कम दोनदा कापली’ एवढेच लिहा. दुसऱ्यांदा रोख किंवा यूपीआयने पैसे दिले असतील, तर ‘दुसऱ्या मार्गाने पैसे दिले’ असे लिहून त्याचा पुरावा जोडा.

आता पुराव्याकडे. चार्जबॅक आला, की दुकानदार एकच युक्तिवाद करू शकतो: ‘याने दोन वस्तू घेतल्या.’ तो मोडायला दुकानाचे जीएसटी बिल हवे. बिल क्रमांक एक आणि कापण्या दोन, हे ज्याच्या हातात आहे त्याला हरवणे कठीण. त्याच्या जोडीला मशीनची पावती ठेवा. तिच्यावर टर्मिनल क्रमांक, वेळ, मंजुरी क्रमांक आणि बारा आकडी आरआरएन असतो. तो कागद उष्णतेने छापलेला असतो आणि काही महिन्यांत कोरा पडतो, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. मोबाइलवरचे दोन्ही संदेश पुसू नका. दोन्ही नोंदी दिसतील असा खातेउतारा काढा. दुकानदार भला असेल, तर ‘रक्कम एकदाच मिळाली’ असे पत्र शिक्क्यासह घ्या. मात्र त्याने रोख परत केली, तर तक्रार मागे घ्या. एकाच रकमेचे पैसे दोनदा घेणाऱ्याला आम्ही शिव्या देतो, मग तो ग्राहक असला तरी!

क्रेडिट कार्डवाल्यांनी आणखी एक शस्त्र ओळखावे. बिलातल्या नोंदीला हरकत घेतली, तर बँकेने ३० दिवसांच्या आत खुलासा आणि गरजेप्रमाणे कागदोपत्री पुरावा द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आणि कोणत्याही कार्डाच्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उडवाउडवीचे आले, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही. तक्रार तुमच्या कार्डाच्या बँकेविरुद्ध करा. दुकानाचे मशीन कोणत्या बँकेचे, हे शोधत बसणे तुमचे काम नाही.

बँकांच्या संचालकांना आमचा सवाल आहे. दोन्ही कापण्या तुमच्याच संगणकात एकाच दुकानाच्या नावाने, एकाच रकमेच्या, मिनिटभराच्या अंतराने नोंदलेल्या असतात. हप्ता चुकला हे ज्या संगणकाला त्याच रात्री कळते, त्याला ही जोडी महिनाभर दिसत नाही, यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवील काय? दिसते, पण दाखवायला लावणारा कोणी नसतो. मग ग्राहकांनो, तुम्हीच लावा! पावतीविना गेलेली रक्कम परत आली नाही, तर सहाव्या दिवशी शाखेत जा, रोजच्या १०० रुपयांची मागणी लेखी करा आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी विनवण्या बँका वर्षानुवर्षे पचवत आल्या आहेत. पोच घेतलेला कागद त्यांना लोकपालापुढे उलगडावा लागतो.