आधी काळोख, मग ऊन

प्रकाशसंश्लेषणाचा पाठ आठवडाभर शिकवावयाचा, तर पहिले तीन दिवस काळोखास द्यावेत, असे आमचे मत आहे. कुर्डुवाडीस उन्हाची वाण नाही. परंतु पानात आधीचेच पिष्ट असले, तर झाकलेला भागही निळा होतो व प्रयोग फसतो.

सोमवारी जास्वंदीची कुंडी बंद कपाटात ठेवावी. गुरुवारी सकाळी एक पान मिनिटभर पाण्यात उकळावे. मग चूल विझवून, पान घातलेली स्पिरिटची वाटी त्या कढत पाण्यात ठेवावी. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून हे काम वडीलधाऱ्यांनीच करावे. पान फिके पडले की धुऊन त्यावर पाण्यात पातळ केलेले टिंक्चर आयोडीन टाकावे. ते निळे-काळे झाले, तर कुंडी आणखी एक दिवस काळोखात राहू द्यावी. शुक्रवार त्यासाठीच मोकळा असावा. तपकिरी राहिले, तर दुसऱ्या पानास दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावून कुंडी दिवसभर उन्हात ठेवावी व सायंकाळी ते पान तसेच तपासावे. पट्टीखालचा भाग तेवढा तपकिरी दिसेल. यूलियस झाक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात पाने अशीच झाकून पाहिली होती.

शनिवारी निष्कर्ष एवढाच मांडावा की, पिष्ट होण्यास प्रकाश लागतो. हवेतील कर्बवायूही लागतो, हे यावरून सिद्ध होत नाही. त्यास निराळा प्रयोग हवा.