रबराची साक्ष

28 फेब्रुवारी जवळ आली की शाळांतून विज्ञान प्रदर्शनांची तयारी सुरू होते आणि 'ध्वनी' या टेबलावर ठरलेले सामान मांडले जाते: रबर, मोजपट्टी आणि एक रिकामा डबा. ज्या सी. व्ही. रामन यांच्या शोधासाठी हा दिवस पाळला जातो, त्यांनी प्रकाशाकडे वळण्याआधी तारांच्या कंपनांचा आणि तबला-मृदंगाच्या नादाचा अभ्यास केला होता. त्यामुळे हे टेबल त्या दिवशी अगदी योग्य जागी असते. अडचण असते ती टेबलामागे उभ्या असलेल्या मुलाने पाठ केलेल्या एका वाक्यात: 'रबर जास्त ताणले की स्वर उंच जातो.'

त्या मुलाला रबर बोटांत धरून खरोखरच ताणायला सांगावे. आठ सेंटिमीटरचे रबर सोळापर्यंत ओढून छेडायचे, मग बत्तीसपर्यंत ओढून पुन्हा छेडायचे. आधीचा स्वर सा मानला, तर नंतरचा फार तर गंधाराच्या आसपास घुटमळतो. हाताला जाणवणारा ताण कितीतरी वाढलेला असतो, स्वर मात्र तेवढा चढत नाही. शेजारी पेटी असेल तर पडताळा लगेच मिळतो.

असे का होते, ते पाहण्यासारखे आहे. तारेचा स्वर ती सेकंदाला किती वेळा थरथरते यावर, म्हणजे वारंवारितेवर ठरतो. आणि वारंवारिता लांबी, ताण व तारेचे दर सेंटिमीटरला असलेले वजन या तीन गोष्टींवर ठरते. रबर ओढताना आपण तिन्ही एकदम बदलतो. मूळ लांबीपेक्षा आठ सेंटिमीटर जास्त ओढलेले रबर चोवीसने जास्त ओढले, की ताण ढोबळमानाने तिप्पट होतो; त्याने वारंवारिता तीनच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे 1.73 पट वाढते. रबर बारीक होऊन सेंटिमीटरमागचे वजन निम्मे होते. त्याने ती आणखी 1.41 पट वाढते. पण लांबीही दुप्पट झालेली असते आणि त्यामुळे ती निम्मी होते. तिन्हींचा गुणाकार येतो सुमारे 1.22. कोमल गंधार 1.2 पट आणि शुद्ध गंधार 1.25 पट असतो. आपला स्वर त्या दोघांच्या मध्ये पडतो. रबर ताणाच्या सरळ हिशेबाने नेहमीच वागत नाही, तुटायच्या बेतात आले की एकदम ताठरते आणि तेव्हा स्वर उडी घेतो. पण मधल्या पल्ल्यात त्याचे वागणे साधारण असेच असते.

दुसरे पाठ वाक्य आहे 'जाड रबराचा स्वर खालचा'. तेही एकाच खोक्यावर सारख्या लांबीची दोन रबरे चढवली की डळमळते. जाड रबराचे वजन जास्त असते हे खरे, पण तेवढेच ताणायला त्याला जोरही त्याच प्रमाणात जास्त लागतो. दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात आणि एकाच जातीच्या रबराचे जाड-बारीक तुकडे जवळजवळ एकाच स्वरात बोलतात. ज्या मुलाच्या कानाला ते तसे ऐकू आले, त्याला गप्प करून पुस्तकातले वाक्य म्हणायला लावणे हा त्या टेबलावरचा सर्वात वाईट प्रयोग.

मोजपट्टी यापेक्षा भरवशाची साक्षीदार. एक मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर चोवीस सेंटिमीटर काढली आणि टोक दाबून सोडले, तर ती सेकंदाला साधारण 14 वेळा हलते. हे डोळ्यांना दिसते, पण कानाला स्वर म्हणून ऐकू येत नाही, कारण आपले कान सुमारे 20 च्या खाली स्वर ओळखत नाहीत. बाहेरचा भाग बारा सेंटिमीटर ठेवला की कंपने 57 च्या घरात जातात आणि घुमणारा खर्ज लागतो. सहा ठेवला की 227 च्या आसपास स्पष्ट स्वर येतो. दिसणारी थरथर आणि ऐकू येणारा स्वर ही एकच गोष्ट आहे, हे इतक्या स्वस्तात दुसरे काही दाखवत नाही.

इथे एक बारकावा आहे. तार निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो. पट्टी निम्मी केली की दोन सप्तके. तारेला ताठपणा बाहेरच्या ताणातून मिळतो, पट्टीचा ताठपणा तिच्या अंगचाच. निम्मी पट्टी वाकवायला आठपट जोर लागतो आणि तिचे वजन निम्मे असते; आठ भागिले अर्धा म्हणजे सोळा, आणि त्याचे वर्गमूळ चार. हा प्रयोग फसतो तो हाताच्या दाबामुळे. पट्टी कडेवर घट्ट दाबली नाही तर ती टेबलावर आपटत राहते, आणि मुले तो खडखडाटच स्वर समजतात. ओळख सोपी आहे: लांबी बदलूनही आवाज तसाच राहिला, तर तो टेबलाचा. अंगठा थेट कडेवर दाबावा.

राहिला डबा. त्याच्याकडे स्वर बदलण्याचे काम नाही. बारीक तार हवेतून सुरीसारखी जाते. पुढची हवा दाबली जाण्याआधीच वळसा घालून मागे जाते, म्हणून ती नुसती छेडली तर पुटपुटते. तीच तार डब्याच्या पत्र्यावर टेकवली की पत्रा हलतो आणि बरीच हवा एकदम ढकलतो. गोंधळ्याच्या तुणतुण्याचे पोकळ अंग आणि तंबोऱ्याचा भोपळा हेच करतात. आपल्या बोलीत 'आवाज चढला' हे रागावून मोठ्याने बोलण्यालाही म्हणतात आणि वरच्या पट्टीत गाण्यालाही. या दोन अर्थांची फारकत मुलांपुढे डब्याइतकी स्वच्छ कोणी करत नाही. डबा लावा, काढा, पेटीवरची पट्टी तीच राहते.

तेव्हा ताणाचा नियम दाखवायचा असेल तर रबर बाजूला ठेवावे आणि गळाची तंगूस घ्यावी. तिचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून, टेबलावर पालथ्या ठेवलेल्या डब्याच्या कडेवरून आणि टेबलाच्या काठावरून दुसरे टोक खाली सोडावे, त्याला पाण्याची बाटली टांगावी. गज ते डबा एवढीच तार छेडायची, म्हणजे लांबी कायम राहते. बाटली पाण्यासह तोलून आधी पाव किलो, मग एक किलो करावी. वजन बदलल्यावर डब्याशी आणि काठाशी तंगूस बोटाने जरा उचलून सोडावी, नाहीतर ती तिथे अडकते आणि ताण पलीकडे पूर्ण पोहोचत नाही. वजन चौपट झाले की स्वर बरोबर वरच्या सा वर जातो. फ्रान्समधल्या मारँ मेर्सेन या धर्मगुरूने 1636 च्या आपल्या ग्रंथात मांडलेला नियम तो हाच.

या वर्षी प्रदर्शनाला जाणाऱ्या पालकांना आणि परीक्षकांना एवढीच विनंती: ध्वनीच्या टेबलाशी थांबलात, तर मुलाला नियम विचारू नका. रबर त्याच्या हातात द्या, दुप्पट ओढायला सांगा आणि काय ऐकू आले ते विचारा.