टेराबाइटमधील हरवलेला भाग

बाजारातून एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क घरी आणावी, उत्सुकतेने संगणकाला जोडावी आणि पडद्यावर 931 GB असा आकडा उमटावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. कागदी खोक्यावर एक हजार गिगाबाइटांचे आश्वासन असते, मग उरलेले एकोणसत्तर गेले कुठे? दुकानदाराने फसविले की कारखानदाराने, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु वाचकहो, येथे बहुधा दोघेही निर्दोष असतात. घोटाळा मालात नसून मापात आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोपर्यंत रुपयाचे चौसष्ट पैसे होत, त्या दिवसापासून शंभर होऊ लागले. रुपया होता तेवढाच राहिला, बदलला तो पैसा. दोन पैशांचा घोळ होऊ नये म्हणून नव्याला ‘नया पैसा’ असे निराळे नाव देण्यात आले होते. संगणकाच्या जगात दोन मापे शेजारी शेजारी नांदत राहिली, पण दोघांचे नाव मात्र पुष्कळ ठिकाणी एकच राहिले.

पहिले माप दशमान आहे. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी आणि टेरा म्हणजे एक लाख कोटी. डिस्क तयार करणारे याच मापाने मोजतात, म्हणून त्यांच्या एक टेराबाइटमध्ये एक लाख कोटी बाइट असतात.

दुसरे माप द्विमान आहे. संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि तो शून्य व एक या दोनच अंकांनी लिहिला जातो. असे दहा अंक घेतले, तर १,०२४ निरनिराळे क्रमांक तयार होतात. ही संख्या हजाराच्या इतकी जवळची, की जुन्या तंत्रज्ञांनी तिलाच ‘किलो’ म्हणण्यास आरंभ केला. विंडोज ही प्रणाली आजही डिस्कची जागा याच मापाने मोजते, मात्र आकड्यापुढे GB हीच अक्षरे लावते.

आता प्रत्यक्ष भागाकार करून पाहू. एक लाख कोटी बाइटांना १,०२४ ने भागले असता ९७,६५,६२,५०० येतात. त्यांना पुन्हा १,०२४ ने भागावे, म्हणजे सुमारे ९,५३,६७४ उरतात. तिसऱ्यांदा भागले की ९३१.३ हे उत्तर मिळते. पडद्यावरील आकडा तो हाच. एकही बाइट हरवलेला नाही, केवळ मोजण्याचे भांडे मोठे झाले आहे.

पायरी चढत जावी तसा हा फरक वाढतो. किलोला दोन्ही मापांत सुमारे अडीच टक्के अंतर असते, मेगाला पाच, गिगाला सात, तर टेराला जवळजवळ दहा. लहान साठ्यांच्या काळात जे कोणाच्या ध्यानात येत नसे, ते आज डोळ्यांत भरते ते यामुळेच.

हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने १९९८ साली द्विमान मापांना किबी, मेबी, गिबी, टेबी अशी वेगळी नावे दिली. त्या हिशेबाने आपली डिस्क ९३१ गिबीबाइटची, म्हणजेच पुरत्या एक हजार गिगाबाइटची ठरते. ॲपलने २००९ सालापासून आपल्या मॅक संगणकांवर डिस्कची जागा दशमानात दाखविणे पसंत केले. तीच डिस्क तेथे जोडली, तर खोक्यावरील आकड्याशी मेळ बसतो.

आपल्याला पडताळा पाहावयाचा असल्यास विंडोजमध्ये डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून Properties उघडावे. तेथे Capacity या शब्दापुढे बाइटांची पूर्ण संख्या दिलेली असते. ती एक लाख कोटीच्या आसपास असेल, तर माप पुरे आहे असे समजावे. किंचित कमी भरली, तरी चिंता नको, कारण डिस्कचा थोडा भाग कधी कधी वेगळा राखून ठेवलेला असतो. मात्र एक टेराबाइट म्हणून घेतलेल्या डिस्कवर एकूण 465 GB एवढीच जागा दिसली, तर प्रथम डिस्कचे दोन भाग पाडलेले आहेत काय, ते पाहावे. तसे नसेल, तर आपल्या हाती पाचशे गिगाबाइटचा माल आला आहे, हे उघड आहे.

खरी फसवणूक मात्र बरोबर दिसणाऱ्या आकड्याआडही दडू शकते. अत्यंत स्वस्तात विकल्या जाणाऱ्या काही बनावट पेनड्राइव्ह संगणकाला खोटाच आकडा सांगतात. पडद्यावर 931 GB दिसते, आत जागा त्याच्या अल्पांशाने असते. ती भरली की पुढच्या फाइली नोंदल्या गेल्यासारख्या वाटतात, पण उघडत नाहीत. म्हणून अशा वस्तूवर घरची छायाचित्रे सोपविण्यापूर्वी ती एकदा काठोकाठ भरावी आणि शेवटी ठेवलेल्या फाइली संगणकाला पुन्हा जोडून उघडून पाहाव्यात. त्या नीट उघडल्या, तरच आकड्यावर विश्वास ठेवावा.