‘डीफॉल्ट’ला हो म्हणण्याआधी

फोनवर नवं मेसेजिंग अ‍ॅप उघडलं की एक छोटी चौकट समोर येते. याला तुमचं डीफॉल्ट एसएमएस अ‍ॅप करायचं का? तुम्हाला आत जायची घाई असते, ‘हो’वर अंगठा पडतो. मग दोन दिवसांनी परीक्षेची फी भरताना ओटीपी येत नाही. नेहमीचं अ‍ॅप उघडून बघता, तर तिथे शेवटचा मेसेज परवाचा. बँकेला दोन शिव्या, नेटवर्कला चार. पण ओटीपी आलेला असतो. फक्त तो दुसऱ्या अ‍ॅपमध्ये असतो.

असं का होतं, हे समजून घ्यायला 2013 मध्ये जावं लागेल. त्याआधी अँड्रॉइडवर परवानगी असलेलं कुठलंही अ‍ॅप आलेला एसएमएस वाचू शकायचं, बदलू शकायचं, आणि इतर अ‍ॅप्सपर्यंत पोचण्याआधी अडवूही शकायचं. 2013 च्या अखेरीस अँड्रॉइड 4.4, म्हणजे किटकॅट आलं आणि नियम बदलला. एका वेळी एकच अ‍ॅप डीफॉल्ट राहणार. आलेला एसएमएस फोन त्याच अ‍ॅपच्या हातात देणार आणि फोनमधल्या सामायिक साठ्यात तो लिहिण्याचा हक्क त्या एकाच अ‍ॅपचा. पुढे 2019 पासून गूगलनं प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅप्ससाठी एसएमएसची परवानगीच मुख्यतः डीफॉल्ट अ‍ॅपपुरती ठेवली, मोजके अपवाद सोडून. नियम चांगलाच होता. पण त्यामुळे डीफॉल्टची खुर्ची एकच उरली आणि तिच्यासाठी रांग लागली.

आपल्याकडे या रांगेत फोन कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप असतं, गूगल मेसेजेस असतं आणि बऱ्याच जणांच्या फोनवर ट्रूकॉलरही. ज्याला खुर्ची मिळते त्याला तुमचा सगळा इनबॉक्स मिळतो. म्हणून तर ही चौकट पुन्हापुन्हा येते. सॅमसंगनं 2024 च्या जुलैत अमेरिकेतल्या नव्या फोल्ड आणि फ्लिप फोनवर स्वतःचं मेसेजेस अ‍ॅप आधीपासून टाकणं थांबवलं आणि जागा गूगल मेसेजेसला दिली. एवढी मोठी कंपनी स्वतःच्याच फोनवर खुर्ची सोडते, यावरून ही स्पर्धा किती एकतर्फी होत चालली आहे ते कळतं.

आता तुमचा हरवलेला ओटीपी. तो साधा एसएमएस असतो, त्यामुळे शोधणं सोपं आहे. सेटिंग्जमध्ये `Apps`, मग `Default apps`, मग `SMS app` इथे जा. काही फोनवर मधल्या पायरीचं नाव `Choose default apps` असतं. तिथे ज्या अ‍ॅपचं नाव दिसतं, मेसेज त्याच्याकडे आलाय. हवं तर तिथेच जुनं अ‍ॅप पुन्हा निवडा. साठा सामायिक असल्यामुळे मधल्या दोन दिवसांचे एसएमएसही जुन्या अ‍ॅपमध्ये येऊन बसतील. दोन्हीकडे नसेल, तर डीफॉल्ट अ‍ॅपचा स्पॅमचा कप्पा बघा. प्रत्येक अ‍ॅपची स्पॅमची चाळणी वेगळी असते आणि नव्या चाळणीत बँकेचा मेसेज अडकू शकतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे. समजा ओटीपी येतायत, पण एका मित्राचे मेसेज गायब आहेत. तो म्हणतो, पाठवलाय यार, नोट्स कुठे मिळतील ते सांगितलंय. तुमच्याकडे काहीच नाही. दोघंही खरं बोलताय. त्याचा मेसेज एसएमएस म्हणून निघालेलाच नाही, तो आरसीएस म्हणून निघालाय. आरसीएस म्हणजे एसएमएसच्याच अ‍ॅपमधून, पण इंटरनेटवरून जाणारा मेसेज. मोठे फोटो, समोरचा टाइप करतोय हे दिसणं, हे सगळं त्यातलंच. एसएमएस तुमच्या सिमवर येतो आणि फोन तो डीफॉल्ट अ‍ॅपला देतो. आरसीएसमध्ये मात्र तुमचा नंबर एका विशिष्ट अ‍ॅपच्या सेवेकडे नोंदवलेला असतो. तुम्ही गूगल मेसेजेस सोडून आरसीएस न चालवणाऱ्या अ‍ॅपला डीफॉल्ट केलंत, किंवा थेट फोनच बदललात, तरी ही नोंद काही काळ तशीच राहू शकते. मित्राच्या फोनला वाटतं, तुम्ही अजून तिथेच राहता. तो मेसेज जुन्या पत्त्यावर पाठवत राहतो.

हे ओळखायची खूण साधी आहे. बँकेचे, कॉलेजचे एसएमएस नीट येतायत आणि ठरावीक माणसांचेच येत नाहीत, तर आरसीएसवर संशय घ्या. त्या मित्राला सांगा, मेसेज लिहायच्या चौकटीत काय दिसतं ते बघ. तिथे `RCS message` असं दिसत असेल, तर गडबड सापडली. त्याला त्याचा मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून साधा एसएमएस पाठवायला सांगा. तो तुमच्याकडे पोचला, तर तुमचं सिम आणि नेटवर्क ठीक आहे.

उपाय दोन. जुनं अ‍ॅप अजून फोनवर असेल, तर ते सोडण्याआधी त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन `RCS chats` बंद करा आणि मगच डीफॉल्ट बदला. जुना फोन विकून टाकला असेल, तर गूगलचं `messages.google.com/disable-chat` हे पान उघडा आणि नंबर टाका. त्यावर एसएमएसनं एक कोड येतो, तो भरला की नोंद निघते. मात्र मधल्या काळात जे मेसेज जुन्या पत्त्यावर गेले, ते नव्या अ‍ॅपमध्ये आपोआप येतीलच असं नाही. ते मित्राकडून पुन्हा मागवा.

आता मुद्द्याचं. ज्या चौकटीवर आपण झटकन अंगठा ठेवतो, ती यातलं काहीही सांगत नाही. मेसेज यापुढे कुठे येतील, आधीच्या अ‍ॅपमधली नोंद कोण काढणार, एका शब्दानं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हे अ‍ॅप तुमचा प्रत्येक ओटीपी वाचू शकेल, हेही ठळकपणे येत नाही. वाहतुकीचं चलान म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या खोट्या एपीके फाइली नेमका याच परवानगीचा फायदा घेतात. त्या एसएमएस वाचायची परवानगी मागतात, काही तर स्वतःलाच डीफॉल्ट करून मागतात. दिसायला चौकट तीच असल्यामुळे रोज ‘हो’ म्हणायची सवय लागलेला अंगठा तिथेही ‘हो’ म्हणतो.

म्हणून मागणी सरळ आहे. ही चौकट दाखवताना गूगलनं आणि फोन कंपन्यांनी साध्या मराठीत आणखी दोन वाक्यं लिहावीत: तुमचे सगळे मेसेज आणि ओटीपी यापुढे या अ‍ॅपकडे जातील, आणि आधीच्या अ‍ॅपमधलं आरसीएस बंद करायचं का? दुसऱ्या वाक्यापुढे एक बटण द्यावं, म्हणजे नोंद तिथल्या तिथे निघेल. अ‍ॅप्सनी आपापसात खुर्चीसाठी खुशाल भांडावं, पण मेसेज कुठे गेला हे शोधायचं काम आपल्या गळ्यात नको. ही दोन वाक्यं येईपर्यंत आजच सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा बघा, तुमच्या फोनवर त्या खुर्चीत कोण बसलंय. नाव ओळखीचं नसेल, तर आधी ते बदला आणि ते अ‍ॅप फोनवरून काढून टाका.